'ब्लॉक' ला मराठीत काय म्हणायचं? (आणि घसारा तोट्यात जिरतो का?)

छापखान्यातली: बाबांचा सांगलीत छोटा छापखाना आहे. सी.ए.नी २०२४-२५ चा हिशोब इंग्रजीत पाठवलाय आणि बाबांना तो मराठीत लिहून हवाय. पहिल्याच ओळीत अडले. 'ब्लॉक ऑफ ॲसेट्स' वाचून बाबा म्हणाले, "जस्ताचे ब्लॉक तर कधीच भंगारात गेले, त्याचं काय आता?" त्यांच्यासाठी ब्लॉक म्हणजे फोटो छापायचा ब्लॉक. मी 'मालमत्तेचा ठोकळा' लिहिलं, तेही हास्यास्पद वाटतंय. पुढे 'सेट ऑफ' ला 'वजावट' आणि 'कॅरी फॉरवर्ड' ला 'पुढे वाहून नेणे' लिहिलंय. चालेल?

अनुस्वार: ठोकळा नको. 'मालमत्ता-समूह' लिहा. शासकीय वाटेल, पण चुकणार नाही.

निवृत्त-रोखपाल: शब्द कुठलाही घ्या, हिशोब सोपा आहे. मशीन विकलं की त्याची पुस्तकातली किंमत बघायची, जास्त आले तर तेवढा फायदा आणि त्यावर कर. आम्ही आयुष्यभर असंच केलं.

छापखान्यातली: काका, बाबाही तेच म्हणतात. जुलैत जुनं ऑफसेट दीड लाखाला विकलं, त्यांच्या वहीत त्याची किंमत ८०,००० होती. म्हणजे ७०,००० नफा. पण सी.ए.च्या कागदात हा नफा कुठेच नाही, म्हणून ते रात्रभर अस्वस्थ.

खतावणी: रोखपाल काका, तुमचं तुमच्या काळापुरतं बरोबर आहे. प्राप्तिकरात पूर्वी प्रत्येक वस्तूचा घसारा वेगळा काढत. १९८८-८९ या निर्धारण वर्षापासून ते गेलं. तेव्हापासून एकाच प्रकारच्या आणि घसाऱ्याचा दर एकच असलेल्या वस्तूंची एकत्र मोट बांधतात. मोटेत गेलं की त्या मशीनची स्वतःची किंमत उरत नाही. वहीतले ८०,००० बाबांच्या समाधानासाठी आहेत, प्राप्तिकराला ते दिसतच नाहीत.

म्हणून मी 'गट' म्हणेन. ताई, तुमच्या कागदावर मशीनच्या गटाची सुरुवातीची शिल्लक किती आहे? आणि नवीन काही घेतलंय का?

छापखान्यातली: १ एप्रिलला ६,००,०००. डिसेंबरात ४,००,००० चं सेकंडहँड मशीन घेतलं, त्याच महिन्यात चालू केलं. दर १५ टक्के.

खतावणी: मग करून बघू. ६ लाखांत ४ लाख मिळवा आणि विक्रीचे दीड लाख वजा करा. ८० हजार नव्हे, हातात आलेले पूर्ण दीड लाख. राहिले ८,५०,०००. नवं मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी चाललं, म्हणून त्याच्या ४ लाखांवर अर्धा दर, साडेसात टक्के: ३०,०००. उरलेल्या साडेचार लाखांवर १५ टक्के: ६७,५००. एकूण घसारा ९७,५००. वर्षअखेर गटाची शिल्लक ७,५२,५००.

बाबांचा ७०,००० चा 'नफा' गटात असा विरघळला. त्यावर आत्ता कर नाही, पण त्या वर्षापासूनच घसारा तेवढ्यावर कमी मिळेल. करपात्र फायदा उभा राहतो तो विक्रीची रक्कम अख्ख्या गटाच्या किमतीपेक्षा वर गेली तर, किंवा गटात एकही मशीन उरलं नाही आणि किमतीपेक्षा जास्त आले तर. तो मग अल्पमुदतीचा भांडवली नफा. मशीन सेकंडहँड आहे म्हणून जादा घसाऱ्याचा प्रश्नच नाही, ती एक डोकेदुखी वाचली.

निवृत्त-रोखपाल: डिसेंबरात पैसे दिले आणि मशीन मार्चपर्यंत खोक्यातच राहिलं असतं तर?

खतावणी: तर त्या वर्षी त्यावर घसारा शून्य. दिवस खरेदीपासून मोजत नाहीत, वापर सुरू झाल्यापासून मोजतात. बिलाच्या तारखेवर विसंबून लोक इथेच फसतात. म्हणून मशीन बसवून घेतल्याचा कागद जपून ठेवावा.

अनुस्वार: शब्दांकडे येऊ या. 'वजावट' ला माझा विरोध. विम्याचा हप्ता, पीपीएफ यांची ती वजावट. तोट्याला तोच शब्द लावला तर वाचणारा गोंधळणार.

खतावणी: सहमत. पेढीवर 'वळता करणे' म्हणायचे. उचल पगारातून वळती करून घेतात, तसा तोटा नफ्यातून वळता करून घ्यायचा. आणि 'वाहून नेणे' ऐकलं की पूर आठवतो. वहीत बाकी 'पुढे ओढतात'. पानाच्या तळाशी बेरीज आणि वर 'मागील पानावरून'.

दोन_नोकऱ्या: मग माझंही सांगा ना. मी नोकरी करते, शनिवार-रविवार केक विकते. केकमध्ये ४०,००० तोटा गेला. तो पगारातून वळता होईल?

खतावणी: नाही. धंद्याचा तोटा त्याच वर्षी घरभाडं, व्याज अशा उत्पन्नातून वळता होतो, पगारातून होत नाही. उरला तर पुढे ओढा. पुढच्या वर्षांत मात्र तो फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वळता होतो.

दोन_नोकऱ्या: आणि ओव्हनचा घसारा? तो तरी पगारातून?

खतावणी: त्यावर सी.ए. मंडळींतही मतं दोन आहेत. तुमच्या सी.ए.ला विचारा, इथल्या माझ्या शब्दावर जाऊ नका.

छापखान्यातली: हेच विचारणार होते. कागदावर तोटा दोन ओळींत आहे: ६०,००० 'बिझनेस लॉस' आणि ९७,५०० 'अनअब्सॉर्ब्ड डेप्रिसिएशन'. मी बेरीज करून १,५७,५०० तोटा लिहिला होता.

खतावणी: बेरीज पुसा! ते वेगळे ठेवण्यातच सगळं आलं. घसारा धरण्याआधीच धंदा ६०,००० नी तोट्यात होता, त्यामुळे ९७,५०० च्या घसाऱ्याला जिरायला नफाच मिळाला नाही. मी त्याला 'न जिरलेला घसारा' म्हणतो. तोट्याला आठ निर्धारण वर्षांची मुदत आहे, आणि विवरणपत्र वेळेत भरलं तरच तो पुढे ओढता येतो. न जिरलेल्या घसाऱ्याला मुदत नाही, आणि विवरणपत्राला उशीर झाला म्हणून तो बुडतही नाही.

समजा २०२५-२६ मध्ये घसाऱ्याआधीचा नफा २,२०,००० झाला. आधी त्या वर्षाचा घसारा, ७,५२,५०० वर १५ टक्के म्हणजे १,१२,८७५. उरले १,०७,१२५. त्यातून जुना तोटा ६०,०००, उरले ४७,१२५. मग जुन्या घसाऱ्यातले ४७,१२५ जिरले आणि ५०,३७५ पुढे गेले. करपात्र शून्य. पहिल्या वर्षी विवरणपत्राला उशीर झाला असता तर ६०,००० गेले असते आणि ९,६२५ चं उत्पन्न उरलं असतं. रक्कम लहान आहे, पण ६ लाखांच्या तोट्यावर हेच करून बघा.

निवृत्त-रोखपाल: नफा आला नाही त्या वर्षी घसारा घ्यायचाच नाही, राखून ठेवायचा. आम्ही असंच करायचो.

खतावणी: एकेकाळी चालायचं, न्यायालयानंही मानलं होतं. आता मागा किंवा न मागा, घसारा धरला जातोच.

अनुस्वार: जाता जाता, 'घसारा' घसरण्यावरून आला ना? किंमत घसरते म्हणून?

निवृत्त-रोखपाल: घासण्यावरून. सोनार दागिन्याचा घसारा काढतो तो. वापरून झिजतं ते.

अनुस्वार: खोक्यातल्या मशीनची किंमतही घसरतेच की, घासलं नाही तरी.

छापखान्यातली: बाबांना वाचून दाखवलं. 'न जिरलेला' आवडला. 'गट' म्हटल्यावर मात्र म्हणाले, "म्हणजे बचत गटासारखा?" तिथे मी अजून काही लिहिलेलं नाही.