मदत हवी आहे: लेगस्पिन मॅटवर वळतो, सुक्या विकेटवर सरळ जातो. ग्रिप बदलावी का?

नाशिकरोडचा

धाकटी बहीण १४ वर्षांची आहे, उजव्या हाताने लेगस्पिन टाकते. आमच्या इथे सराव मॅटवर होतो. तिथे तिचा बॉल चांगला वळतो, मी स्वतः तिच्यासमोर बॅटिंग करून तोंडघशी पडलोय. पण गेल्या दोन रविवारी टर्फवर मॅच होती. विकेट अगदी कोरडी, तीन दिवस पाणी नव्हतं, टप्प्याच्या जागी धूळ उडत होती. मला वाटलं, आज हिचाच दिवस. प्रत्यक्षात बॉल हवेत लेगकडे सरकायचा, टप्पा पडला की सुरीसारखा सरळ. ४ ओव्हरमध्ये ३१ रन गेले.

त्याच टोकाकडून तिच्या टीममधली डावखुरी मुलगी टाकत होती, तिचा बॉल हातभर वळत होता. तिची ग्रिप बघितली तर साधी, दोन बोटं फाकवून. म्हणून प्रश्न: बहिणीची ग्रिप चुकतेय का? ती पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवते, अनामिका वाकवून बाजूला, अंगठा नुसता टेकलेला. कोणी म्हणालं, ऑफस्पिन शिकव, सोपं पडेल. तिला मात्र लेगस्पिनच टाकायचाय.

पंचवटीचा पॅड

मातीचा प्रश्न आहे रे. काळ्या मातीची विकेट असेल तर बॉल खाली राहतो आणि हळू येतो, वळत नाही. लाल माती लवकर फुटते, तिथे वळतो. आणि ग्रिप घट्ट कर म्हणावं. सैल धरलं की बॉल पुरेसा फिरत नाही.

जुना डावरा

पॅडभाऊ, काळी माती हळू असते हे खरं, आणि लाल मातीत उसळी जास्त हेही खरं. पण त्याच विकेटवर, त्याच टोकाकडून दुसरीचा बॉल हातभर वळला ना? मग मातीला दोष देऊन कसं चालेल. आणि घट्ट धरायचं तर अजिबात सांगू नका. मुठीत आवळला की मनगट लाकडासारखं होतं, आणि लेगस्पिनमध्ये सगळं काम मनगटाचं आणि अनामिकेचं आहे.

नाशिकरोडकर, तुम्ही लिहिलेली ग्रिप बरोबर आहे. तुमच्या वर्णनात कामाचं वाक्य वेगळंच आहे: "हवेत लेगकडे सरकतो, टप्पा पडला की सरळ." यावरून मला शंका येते की बॉल फिरतोय भरपूर, पण चुकीच्या अंगाने.

भोवरा आठवा. तो जमिनीवर गरगर फिरतो, पण जागच्या जागी. कारण तो ज्या आरीवर उभा आहे तिच्याभोवतीच फिरतो, जमिनीला टेकलेला बिंदू जमिनीवर घासत नाही. बॉल जर असा भोवऱ्यासारखा आडवा फिरत खाली आला, तर टप्प्यावर बाजूला ढकलणारं काही उरतच नाही. बॉल वळतो तो खालचा भाग जमिनीवर आडवा घासला की. म्हणजे फिरणं गाडीच्या चाकासारखं उभं हवं, आणि ते चाक समोर न बघता पहिल्या स्लिपकडे तोंड करून हवं.

दुसरी गोष्ट, भोवऱ्यासारखा बॉल पडतो कातड्यावर, शिवण कंबरपट्ट्यासारखी मधोमध राहते. सुक्या विकेटवर वरचा थर सुटलेला असतो. त्यात उभी शिवण रुतते आणि धरते, गुळगुळीत कातडं घसरून पुढे जातं. मॅटचं विणकाम मात्र कातड्यालाही धरतं, त्यामुळे थोडासा जरी बाजूचा फिरकीचा अंश असेल तरी तिथे वळलेला दिसतो. मॅटने तिची चूक झाकली आणि टर्फने उघडी पाडली, असं मला वाटतं.

आधी खात्री करा. मोबाईल स्लो मोशनवर लावून बरोबर अंपायरच्या मागे उभे राहा. शिवण आडवी रेघ दिसली तर माझं म्हणणं खरं. उभी आणि स्लिपकडे कललेली दिसली तर मी गप्प बसतो.

मिसळ आणि मिडऑन

मला पण असंच होतं! मी टेनिस बॉलने खेळतो, मधल्या बोटाने टिचकी मारून टाकतो, सिमेंटवर कसला वळतो, पण आमच्या मळ्यातल्या मातीवर वळतच नाही. मी पण व्हिडिओ काढू का? आणि बोट दुखतं त्याला काय करावं?

जुना डावरा

मिडऑनभाऊ, टेनिस बॉलला उठावदार शिवण नाही, तुमचं गणित वेगळं. त्यात धुळीवर तो घसरतो. वेगळा धागा काढा, बोटाचं तिथे बोलू.

नाशिकरोडचा

काका, व्हिडिओ काढला. १२ बॉल. ९ मध्ये शिवण स्पष्ट आडवी रेघ, तुम्ही म्हणालात तस्सा कंबरपट्टा. दोन समजले नाहीत, एक उभी होती आणि तोच एक बॉल वळला! आता हे होतं कशामुळे? आणि त्या डावखुऱ्या मुलीचं का होत नाही?

जुना डावरा

आधी डावखुरीचं. तिची ग्रिप म्हणजे ऑफस्पिनचीच आहे, हात तेवढा डावा. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून शिवणीवर आडवं, आणि ओढायचं काम तर्जनीचं. उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणं म्हणजे समोरच्या बरणीचं झाकण घट्ट लावणं. डाव्याने तीच क्रिया केली की झाकण उघडतं, म्हणून तिचा बॉल तुमच्या बहिणीच्या बॉलसारखाच उजव्या बॅटरच्या बाहेर जातो. फरक एवढाच की बोटांच्या फिरकीत मनगटाला फार वळावं लागत नाही, तर्जनी शिवणीवरून खाली ओढली की शिवण बऱ्यापैकी उभीच सुटते. फिरकी कमी, पण जागेवर. सुक्या विकेटवर तेवढी पुरते.

तिचेही सगळे बॉल वळत नसणार, नीट बघा. शिवण जरा डुगडुगली की कातड्यावर पडतो आणि आत येतो. बॅटरला तोच जास्त त्रास देतो, कारण हात तोच, ग्रिप तीच. रवींद्र जडेजा सुक्या विकेटवर जोरात टाकतो तेव्हा एक वळतो, एक सरळ पायावर येतो, त्यातलं बरंचसं हेच. आपल्या नाशिकचा सत्यजित बच्छावही डाव्या हाताचाच. गोल्फ क्लब मैदानावर कधी रणजी लागली तर साइटस्क्रीनजवळ बसून नुसती शिवण बघा.

आता बहिणीचं. लेगस्पिनमध्ये मनगट आत वळलेलं असतं आणि सुटताना बाहेर उघडतं, अनामिका शेवटी शिवणीला वर-बाहेर ढकलते. सुटायच्या क्षणी हाताची कड बॅटरकडे हवी. तळवा आकाशाकडे गेला की बोटं बॉलच्या खालून निघतात आणि भोवरा तयार होतो. तळवा असा वर जातो बहुतेक दोन कारणांनी: एक, हात कानाजवळून न येता बाजूने येतो. दोन, बॉल हाताला मोठा पडतो आणि तो सांभाळायला तळव्याचा आधार घेतला जातो.

ती कोणत्या बॉलने सराव करते?

नाशिकरोडचा

माझ्याच किटमधल्या. मोठ्यांचा.

जुना डावरा

मग तिथून सुरुवात. मोठ्यांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, घेर साधारण २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, घेर २१ पासून २२.५ पर्यंत. आकडा लहान वाटेल, पण १४ वर्षांच्या पंजाला तो सगळ्या बोटांत जाणवतो. मॅचला ती हलक्या बॉलने खेळते आणि घरी जड बॉलवर मनगट तयार करते, हे दोन्हीकडून नुकसान.

तिला महिलांचा बॉल द्या आणि त्याच्या शिवणीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळा. आठ-दहा पावलांवर तुम्ही कीपरसारखे बसा. तिने धाव न घेता, जागेवर उभं राहून, फक्त मनगटाने बॉल सोडायचा. पट्टी उभी दिसली तर "हो" म्हणा, आडवी दिसली तर "नाही". टप्पा, लाइन काही बघू नका. उभी येऊ लागली की पाच पावलं मागे.

पंचवटीचा पॅड

मान्य, माती नाही. पण काका, हात कानाजवळ आणायला सांगितलं तर उंच मुलीचं ठीक, ही बुटकी असेल तर फ्लाइट जाईल. कुंबळे उंच होता, हात उंच होता, पण त्याचा बॉल वळण्यापेक्षा उसळायचा जास्त. वळण हवं असेल तर हात थोडा खालीच बरा, असं माझं म्हणणं.

जुना डावरा

इथे तुमच्यात तथ्य आहे. हात अगदी उभा केला तर चाक समोर बघायला लागतं, मग बॉल खाली बुडतो आणि उसळतो, वळतो कमी. मधलं काहीतरी हवं. मी म्हणतो, आधी मनगट सुधारा, हात जिथे आहे तिथे राहू दे. दुसरे प्रशिक्षक उलटं सांगतील: हात वर घ्या, मनगट आपोआप येईल. मी दोन्ही पद्धतींनी शिकलेली मुलं पाहिली आहेत.

नाशिकरोडचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. चिकटपट्टीने फरक पडला. जागेवरून टाकते तेव्हा दहातले सात उभे. धावून टाकते तेव्हा चार. काल सुक्या टर्फवर २४ बॉल मोजले: ८ स्पष्ट वळले, त्यातल्या एकावर स्टंपिंग. पण ६ फुलटॉस आणि २ थेट माझ्या डोक्यावरून. आधी एवढे कधीच नव्हते. तिचे सर म्हणतात हात वर घे, मी तुमचं सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

जुना डावरा

फुलटॉस येणारच. मनगट नव्याने फिरायला लागलंय आणि बॉल नेमका कधी सोडायचा हे तिच्या हाताला अजून बसलेलं नाही. पहिले दोन महिने रन जाऊ द्या. सरांना व्हिडिओ दाखवा, माझं नाव नको. आणि ते डोक्यावरून गेलेले दोन बॉल मोठ्यांच्या बॉलने टाकलेले होते का?

नाशिकरोडचा

हो. छोटा बॉल शेजाऱ्यांच्या गच्चीत गेला होता.