मुलांवर ओरडणं थांबवायचंय, स्वतःच्या रागावर कोणतं पुस्तक वाचू?

ओली_पानं
मुलगा ६ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. दिवसभर ठीक असते, पण रात्री आठनंतर माझा आवाज चढतो. मारत नाही, ओरडते. पाच मिनिटांत पश्चात्ताप होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालकत्वावरची दोन-तीन पुस्तकं वाचून झाली. सगळ्यांत मुलांशी काय बोलावं ते दिलंय, आणि ते मला जवळजवळ पाठ आहे. पण नेमक्या त्या क्षणी त्यातलं काहीच आठवत नाही. मला माझ्या रागावर काम करणारं पुस्तक हवंय. धीर देणारं नको, करायला काहीतरी देणारं हवं. एका वेळी एकच वाचू शकेन, तेही रोज दहाएक पानं.

दुर्वा२२
रॉस ग्रीन यांचं 'द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड' डोळे झाकून घ्या. मूल चिडलं, हट्टाला पेटलं की काय करायचं ते फार छान सांगितलंय. मुलाला जमत असतं तर त्याने नीट केलंच असतं, या एका विचारावर अख्खं पुस्तक उभं आहे.

कातळ
दुर्वा, ते मुलाच्या स्फोटांवरचं पुस्तक आहे. इथे प्रश्न आईच्या रागाचा आहे.

ओली_पानं, तुमची अडचण तुम्हीच अचूक लिहिली आहे. राग खूप वर गेला की वाचलेली वाक्यं हाताशी येत नाहीत, त्यामुळे 'काय बोलावं' शिकवणारं चौथं पुस्तकही उपयोगी पडणार नाही. मॅथ्यू मकाय आणि सहलेखकांचं 'व्हेन अँगर हर्ट्स युअर किड्स' (१९९६) घ्या. जुनं आहे, भाषा कोरडी आहे, पण ते पालकाच्या डोक्यात काय चालतं त्यावर आहे. त्याचा गाभा असा: राग पेटायला दोन गोष्टी लागतात. एक, आधीपासून साठलेला ताण (भूक, थकवा, घाई, आवाज). दुसरी, त्या क्षणी मनात येणारा ठिणगीसारखा विचार. मुलाचं वागणं आणि आपला राग यांच्यामध्ये हा विचार असतो, आणि तो इतक्या झटकन येऊन जातो की आपल्या लक्षातही येत नाही.

अशा विचारांचे तिथे तीन प्रकार केलेत. मुलाचा हेतू गृहीत धरणं: 'मुद्दाम करतोय'. फुगवणं: 'रोज हेच, कधीच ऐकत नाही, आता सहन होत नाही'. आणि शिक्का मारणं: 'आळशी आहे, उद्धट आहे'. बहुतेक पालकांचा एखादा प्रकार ठरलेला असतो. तो सापडला की निम्मी वाट कळते.

पुस्तक हातात येईपर्यंत सात दिवस नोंद ठेवा. प्रत्येक वेळी पाचच गोष्टी: वेळ, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच घडलेलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, राग ० ते १० पैकी किती, आणि शेवटचं कधी खाल्लं होतं. त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत मनातलं वाक्य सभ्य होऊन बसतं आणि मग नोंदीचा उपयोग राहत नाही.

झुळूक
राग दाबून ठेवला की कधीतरी फुटणारच. बाथरूममध्ये जायचं, उशीत तोंड खुपसून ओरडायचं, उशीला चार गुद्दे घालायचे. वाफ निघून जाते. मुलांवर निघण्यापेक्षा केव्हाही बरं.

कातळ
खोलीतून बाहेर पडा हे बरोबर आहे. गुद्द्यांचं मात्र उलट होतं. ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा प्रयोग आहे. आधी लोकांना चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत गुद्दे मारायला लावले. त्यांचा राग सगळ्यांत जास्त राहिला. नुसते शांत बसलेले लोक नंतर सर्वांत कमी आक्रमक वागले. कॅरल टॅव्हरिस यांनी १९८२ मध्येच 'अँगर: द मिसअंडरस्टुड इमोशन'मध्ये या 'वाफ काढण्या'च्या कल्पनेची सविस्तर तपासणी केली आहे. रागात शरीर आधीच धावत असतं, त्याला आणखी पळवायचं नाही, हळू करायचं.

झुळूक
पण मला गुद्दे मारल्यावर खरंच बरं वाटतं.

कातळ
बरं वाटतं हे खोटं नाही, आणि म्हणूनच ती सवय लागते. पुढच्या वेळी राग किती लवकर चढतो ते पाहा.

ओली_पानं
आठवडा झाला. सगळं लिहीत नाही, एक नोंद देते.
रात्री ८:४०. मुलाला दात घासायला तिसऱ्यांदा सांगितलं, तो जमिनीवर ठोकळे लावत बसलेला. मनात: 'मुद्दाम करतोय, माझ्या शब्दाला किंमतच नाही.' राग ८. शेवटचं खाल्लं दुपारी दीडला.
सात नोंदींपैकी पाचांत 'मुद्दाम' हा शब्द आहे. हे मला माहीत नव्हतं.

कातळ
छान नोंद आहे, तुकड्या-तुकड्याने बघू.

आधी भूक. दीड ते आठ-चाळीस म्हणजे सात तासांहून जास्त. संध्याकाळी सहाच्या सुमारास काहीतरी खा, मुलांना देताना स्वतःही. हे किरकोळ वाटतं म्हणून लोक सोडून देतात, पण तुमच्या यादीतली सर्वांत सोपी दुरुस्ती हीच आहे.

मग 'तिसऱ्यांदा'. पहिल्या दोन वेळा तुम्ही कुठे होतात? अंदाज आहे की दुसऱ्या खोलीत किंवा ओट्याशी. लांबून सांगितलेलं खेळात बुडालेल्या सहा वर्षांच्या मुलापर्यंत पोचत नाही, आणि आपण मात्र मनात एक, दोन, तीन मोजत जातो. एकदाच सांगा, पण हाताच्या अंतरावर जाऊन, खांद्याला हात लावून, त्याने वर पाहिल्यावर. 'अजून दोन ठोकळे लाव, मग उठू' असं म्हणा आणि दोन लागेपर्यंत तिथेच थांबा.

आता 'मुद्दाम'. याच्या जागी 'किती गोड आहे माझं बाळ' ठेवू नका. त्या क्षणी ते खरं वाटणार नाही, आणि खरं न वाटणारं वाक्य राग कमी करत नाही. चिडलेल्या अवस्थेतही पटेल असं वाक्य हवं. उदाहरणार्थ: 'त्याला खेळ सोडणं जड जातंय. माझ्याशी याचा संबंध नाही.' स्वतःच्या शब्दांत लिहा, आरशाला चिकटवा. आणि इथे दुर्वाला दाद द्यायला हवी. 'मुद्दाम करतोय' हा विचार मुळापासून सैल करायला ग्रीन यांचं पुस्तक खरंच चांगलं आहे. दुसरं पुस्तक म्हणून तेच वाचा.

शेवटी रागाचा तो ८. आठला काहीही करायला उशीर झालेला असतो. तुमचा ४ कसा असतो ते शोधा. कुणाचे दात आवळतात, कुणाचे खांदे वर येतात, कुणाचं बोलणं तुटक होतं. ती खूण जाणवली की तोंड बंद, हातातलं खाली ठेवायचं, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, सहा वेळा. एवढ्याला साधारण एक मिनिट लागतं. हे राग नसताना रोज दोनदा करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी पुन्हा 'आठवलंच नाही' होईल.

बाबा_चौदावं
माझी मुलगी १४ ची आहे. तिला हाताच्या अंतरावर जाऊन खांद्याला हात लावला तर घर डोक्यावर घेईल. मी ओरडतो, पण नंतर जवळही घेतो, तिला माहीत आहे माझं प्रेम आहे. तेवढं पुरतं ना?

रानजाई
नाही पुरत. मिंग-ते वांग आणि सारा केनी यांचा ९७६ कुटुंबांचा अभ्यास नेमका तुमच्या मुलीच्या वयाचा आहे. तेराव्या वर्षी आई-वडिलांचं ओरडणं, शिव्या, अपमान जास्त असेल तर पुढच्या वर्षात मुलांची बेशिस्त आणि नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली, आणि एरवी घरात माया होती म्हणून हा परिणाम कमी झाला नाही.

तुमच्यासाठी हाइम गिनॉट यांचं 'बिटवीन पेरेंट अँड चाइल्ड' (१९६५). राग येऊच नये असं ते म्हणत नाहीत. राग बोलून दाखवा, पण मुलाच्या स्वभावावर हल्ला करू नका, एवढीच अट. 'दार आपटलं की मी भयंकर चिडतो, दार हाताने लावायचं' हे चालेल. 'तुला अक्कल नाही' हे नाही.

ओली_पानं, ओरडून झाल्यावरच्या पाच मिनिटांसाठी तुम्हाला आणखी एक सुचवते: डॅनियल सीगल आणि मेरी हार्टझेल यांचं 'पेरेंटिंग फ्रॉम द इनसाइड आउट' (२००३). मेंदूवरची पानं सरळ उलटा, तुटणं आणि सांधणं यावरचा भाग वाचा. माफी मागताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, 'सॉरी, पण तू ऐकत नव्हतास.' या 'पण'ने माफीचा आरोप होतो. दोन, मुलासमोर इतकं रडायचं की त्यालाच आपली समजूत घालावी लागते. आधी शांत व्हा, मग त्याच्या उंचीला बसून तीन-चार वाक्यं: 'मी मोठ्याने ओरडले. तू घाबरलास. ती माझी चूक होती, तुझी नाही. दात मात्र घासायचेच आहेत, चल, मी सोबत येते.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर पश्चात्तापात नियमच सोडला जातो आणि उद्या तोच प्रसंग परत येतो.

झुळूक
रोज रोज माफी मागितली तर तिचं मोल राहतं का?

कातळ
मला वाटतं नाही राहत. आठवड्यात चारदा मागावी लागत असेल तर एखादी वेळ शब्दांऐवजी वेळापत्रक बदला.

रानजाई
इथे मी सहमत नाही. चारदा ओरडलात तर चारदा सांधा. 'चूक तुझी नव्हती' हे मुलाला प्रत्येक वेळी ऐकायला मिळायला हवं. वेळापत्रक तर बदलाच.

आणि ही सगळी पुस्तकं पालक एरवी बरा असेल तेव्हाची आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, कशातच मन नाही, किंवा हात उगारला जातोय असं झालं तर नोंदवही बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

ओली_पानं
झोप ठीक आहे, हात उगारत नाही. मकाय मागवलं. सहाचं खाणं तीन दिवस केलंय. काल ८:३५ ला राग ५ वर थांबला, ओरडले नाही, आवाज मात्र कडक होता. हे नोंदीत लिहायचं का, की फक्त ओरडले तेच?

कातळ
हे तर आधी लिहा. पाचवर थांबलात तेव्हा मनात कोणतं वाक्य होतं?

ओली_पानं
'दोन ठोकळे राहिलेत.'