मदत हवी आहे: चिठ्ठीवर १-१-१, पण बाबा पहाटे साडेतीनलाच उठतात

मालवणकर_मुलगी
बाबांची दाढ सुजली होती. दातांच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल ५ दिवसांसाठी दिल्यात. चिठ्ठीवर फक्त १-१-१ आहे. बाबा साडेतीनला उठून होडीवर जातात, साडेदहाला येतात आणि रात्री साडेआठला झोपतात. बाबा आल्यावर आम्ही पेजेसोबत एक, दुपारी १ वाजता जेवल्यावर एक आणि रात्री ८ वाजता एक अशी देतोय. दोन दिवस झाले, पण पहाटे ठणका असतोच. वेळा चुकतायत का?

देवगडचा_दादा
तीनदा म्हणजे बरोब्बर आठ तासांनी. गरज पडली तर झोपेतून उठवा. तासभर चुकला तरी कोर्स वाया.

आंबा_काकू
मी मधुमेहाची गोळी तिन्ही जेवणांसोबत घेते, कधी त्रास नाही. जेवणाशी जोडा, विसरायला होत नाही.

फार्मसीत_२२_वर्षं
काकू, तुमची गोळी जेवणाशी बांधलेली असते, ही तशी नाही. पोटात अन्न असो-नसो, चालते. मळमळलं तर दोन बिस्किटांसोबत द्या.

ताई, घड्याळ मांडून बघा. साडेदहा ते १ अडीच तास, १ ते ८ सात तास आणि ८ ते दुसऱ्या दिवशी साडेदहा साडेचौदा तास. रक्तातलं हे औषध साधारण तासाभरात अर्धं होतं. जंतू मारायला ते पुरेशा प्रमाणात बराच वेळ टिकावं लागतं. दोन कॅप्सूल जवळजवळ घेऊन रात्रीची पोकळी भरत नाही.

बाबांचा जागरणाचा पट्टा मोठा आहे, त्याचा उपयोग करा: उठल्यावर साडेतीनला, साडेअकराला, संध्याकाळी साडेसातला. आठ-आठ तास, झोपमोड नाही. दादा, तासभर मागेपुढे झाल्याने कोर्स वाया जात नाही. एखादी राहिली तर आठवताच द्या. पुढची जवळ आली असेल तर राहिलेली सोडा, दोन एकदम नकोत.

मालवणकर_मुलगी
म्हणजे आज रात्री आठची घेतली की उद्या साडेतीनला पुढची, साडेसात तासांनी. जमेल. पहाटेची कॅप्सूल पाकिटातून आधी काढून ठेवली तर खाऱ्या हवेत ओली होते, म्हणून ती फोडायचीच नाही, चहाच्या कपाजवळ पाकीट ठेवते.

देवगडचा_दादा
आणि दोन दिवसांच्या फेरीला गेले तर? तिथे कोण आठवण करणार?

फार्मसीत_२२_वर्षं
मोबाईलचा गजर, एवढंच सुचतं. पण ठणका फक्त वेळांमुळेच आहे, असं मी इथून सांगू शकत नाही. दाढेत पू असेल तर तो डॉक्टरांनाच काढावा लागतो. उद्या फोन करून वेळाही विचारून घ्या. ताप आला, तोंड नीट उघडेना किंवा सूज गळ्याकडे उतरली तर फोनची वाट बघू नका, लगेच घेऊन जा.

मालवणकर_मुलगी
ताप नाही, तोंड उघडतंय. दवाखाना दहाला उघडतो, बाबा साडेदहाला येतात. येताच घेऊन जाते.