‘अनुरूप’, ‘तोलामोलाचा’ की ‘डावं-उजवं’?

अंबाजोगाईची मास्तरीण
अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. बहुतेक जोडपी दिसायला साधारण एकाच पातळीची असतात, या म्हणण्याला इंग्रजीत ‘मॅचिंग हायपोथेसिस’ म्हणतात. मी फळ्यावर ‘अनुरूपतेचं गृहीतक’ लिहिलं. एक पोरगी लगेच म्हणाली, “मॅडम, अनुरूप म्हणजे पगार, शेती, घराणं बघून आणलेलं स्थळ ना?” चुकलं नाही तिचं. दुसरा शब्द सुचवा.

सेलूकर
त्यात काय एवढं, गुणमेलन म्हणा! माझे ३६ पैकी २८ जुळले होते. तरी आत्या अजून चारचौघांत म्हणते, “सून उजवी आणली, आमचंच पोरगं डावं.” बायको आतून हसते, मी गपगुमान चहा पितो.

गोदाकाठ
सेलूकर, प्रश्न पत्रिकेचा नाही, रूपाचा आहे. ‘तोलामोलाचा’ चालेल. प्रत्येक जण आपली पायरी ओळखूनच जोडीदार निवडतो, एवढंच तर ते गृहीतक सांगतं.

जुना मास्तर, परभणी
गृहीतक सांगतं तेच, पण पहिल्याच मोठ्या परीक्षेत ते नापास झालं, ही गंमत कुणी सांगत नाही. १९६६ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्स्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ७५२ पोरापोरींसाठी नाच ठेवला. संगणक तुमच्या आवडीप्रमाणे जोडी लावेल, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात चिठ्ठ्या उडवाव्यात तशा जोड्या लावल्या. मुलगा मुलीपेक्षा बुटका नको, एवढंच पाहिलं. तिकीट घेताना चार जण गुपचूप प्रत्येकाच्या रूपाला गुण देत होते. मध्यंतरात विचारलं, हिला किंवा ह्याला परत भेटाल का? सुमार दिसणाऱ्यांनाही देखणाच जोडीदार हवा होता. पायरीबियरी कुणी ओळखली नाही.

गोदाकाठ
मग रस्त्यानं दिसतात ती जोडपी सारखी का?

जुना मास्तर, परभणी
त्या नाचात जोडीदार आयता मिळाला होता. स्वतः जाऊन विचारायचं आणि नकार झेलायचा, ही भीती तिथं नव्हती. १९८६ साली संगणकावर खोटी माणसं करून पाहिली. सगळ्यांना देखणंच हवं, पण होकार दोघांचा लागणार. देखणे एकमेकांना हो म्हणून आधी बाजूला झाले, उरलेल्यांत पुन्हा तेच. कुणालाच सारखं नको होतं, तरी शेवटी सारख्यांच्याच जोड्या लागल्या. म्हणून ‘तोलामोलाचा’ मला खटकतो. त्यात तोलून पाहणारा कुणीतरी असतो, इथं तसा कुणी लागत नाही.

शब्द सेलूकरांच्या आत्यानं दिलाय. डावं-उजवं म्हणजे दोघांतलं अंतर. मर्स्टीननं १९७२ मध्ये ९९ जोडप्यांचे फोटो सुटे करून परीक्षकांपुढं ठेवले आणि नेमकं हेच अंतर मोजलं. खऱ्या जोड्यांत ते उगाच जुळवलेल्या जोड्यांपेक्षा कमी निघालं.

पण मास्तरीणबाई, एक फसगत सांभाळा. समजा तीन जोडपी आहेत आणि रूपाचे गुण बायकोला ८, नवऱ्याला ६. दुसरीकडं ६ आणि ४. तिसरीकडं ५ आणि ३. प्रत्येक घरात नवरा दोन गुणांनी डावा. तरी सगळ्यांत देखणीला सगळ्यांत देखणा मिळालाय, म्हणजे क्रम तंतोतंत जुळला. नंतरचे बरेच अभ्यास हा क्रम मोजतात, अंतर नाही. ‘जुळणी’ म्हणताना यातलं काय जुळलं, ते पोरांना विचारायला लावा.

अंबाजोगाईची मास्तरीण
हे मी आजवर एकच समजत होते. आणि जी जोडपी अजिबात जुळत नाहीत, त्यांना ‘विजोड’ म्हणू?

जुना मास्तर, परभणी
नको. विजोड म्हणणारा नेहमी मांडवातला पाहुणा असतो. २०१५ मध्ये हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी १६७ जोडपी तपासली. ओळख होताच प्रेमात पडलेली जोडपी दिसायला जास्त सारखी निघाली. आधी बरेच दिवस ओळख किंवा मैत्री असलेल्यांत डावं-उजवं जास्त होतं. नवख्या माणसाच्या रूपाला सगळे साधारण सारखेच गुण देतात. सहवास वाढला की ज्याची त्याची नजर वेगळी होते, आणि एकाच देखण्यावर सगळ्यांची उडी पडत नाही.

सेलूकर
म्हणजे कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासात ठरलेली लग्नं जास्त सारखी असणार? मग माझं कसं काय झालं?

जुना मास्तर, परभणी
त्या १६७ जोडप्यांनी जोडीदार स्वतः शोधला होता. तुमचं आत्यानं ठरवलं. हा हिशोब तुम्हाला लावायला मी धजणार नाही.

गोदाकाठ
तरी ‘डावं-उजवं गृहीतक’ पेपरात कोण लिहील? मी ‘तोलामोला’वरच आहे.

अंबाजोगाईची मास्तरीण
उद्या फळ्यावर ‘रूपजुळणी’ लिहिते आणि खाली ती तीन जोडपी. अनुरूप तेवढं पुसते.

सेलूकर
तीन जोडप्यांत नाव माझं नका घालू म्हणजे झालं.