सबॅटिकल आणि लांबची रजा: दोन शिक्षकांच्या विभागाला हे परवडतं का?

फोंड्याचा पालक
माझ्या मुलीच्या कॉलेजात इतिहास विभागात कायम शिक्षक दोनच. त्यातल्या सहयोगी प्राध्यापिका पुढच्या वर्षी पूर्ण पगारावर वर्षभर सबॅटिकलवर जाणार आहेत, असं कळलं. बाकी नोकरदारांना लांबची रजा हवी असेल तर साठवलेली रजा खर्चावी लागते, नाहीतर पगार सोडावा लागतो. मग यांना वेगळा न्याय का? विद्यापीठाचं मी समजू शकतो, पण अनुदानित कॉलेजांतून हा प्रकार बंद व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी मतं ऐकायला तयार आहे.

दप्तरखाना
तुमचा मुलीबद्दलचा काळजीचा भाग मी नंतर घेतो, कारण तो खरा आहे. आधी "वेगळा न्याय" हे तपासू.

साधी रजा माणसाच्या कारणासाठी असते. आजारपण असो, घरचं कार्य असो, ती तुमच्या खात्यातून वजा होते आणि त्या काळात तुम्ही काय केलंत हे कोणी विचारत नाही. सबॅटिकल रजेच्या खात्यातून वजा होत नाही, कारण ती कामासाठी दिलेली असते. अर्जासोबत वर्षभराचा कार्यक्रम मंजुरीला द्यावा लागतो आणि परत आल्यावर काय अभ्यास केला त्याचा अहवाल द्यावा लागतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत या दोन्ही अटी लिहिलेल्या आहेत.

आणि ती सरसकट कोणालाही मिळत नाही. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर 7 वर्षं झालेली हवीत. एका वेळी जास्तीत जास्त 1 वर्ष, सगळ्या नोकरीत मिळून 2 वर्षं. नियमाचा शब्द "देता येईल" असा आहे, "द्यावीच लागेल" असा नाही. त्यामुळे हा हक्कही नाही.

तुमच्या उदाहरणातला विषय इतिहास आहे, तर तोच धरून बोलू. समजा एखाद्या बाईंना कोमुनिदादींच्या जमिनींवर काम करायचं आहे. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज हस्ताक्षरातल्या वह्या आहेत. कागद ठिसूळ, शाई पसरलेली, एकेका लेखनिकाचं वळण ओळखीचं व्हायलाच आठवडे जातात. त्याच व्यवहाराची दुसरी बाजू, म्हणजे इथून वर गेलेला पत्रव्यवहार, लिस्बनला आर्किव्हु इश्टोरिकु उल्ट्रामारिनुमध्ये आहे. मे महिन्याच्या सुटीत पेपर तपासणी आणि प्रवेशाची कामं सांभाळून हे होत नाही. सलग वेळ लागतो, आणि सबॅटिकल नेमकी त्यासाठी आहे.

जुनं टेबल
बरीच वर्षं आस्थापना विभागात रजेचीच प्रकरणं पाहिली आहेत, म्हणून सांगतो. एवढा खटाटोप कशाला? अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते. ती पूर्ण पगारी असते. 180 दिवस एका वेळी घेता येतात, त्याला अर्धपगारी रजा जोडली की वर्ष भरतं. कार्यक्रम नको, अहवाल नको, कोणाचे उपकार नकोत. पालकांचं म्हणणं मला पटतं: जी सोय आधीच आहे ती वापरा.

दप्तरखाना
@जुनं टेबल, तुमचा हिशेब सचिवालयातल्या कर्मचाऱ्याला लागू पडतो. त्याला जानेवारीत 15 आणि जुलैत 15 दिवस जमा होतात. शिक्षकाला उन्हाळी आणि चतुर्थी-दिवाळीची सुटी मिळते, म्हणून त्याची अर्जित रजा फार हळू साठते. यूजीसीच्या नियमाने ती प्रत्यक्ष सेवेच्या तिसाव्या भागाइतकी, म्हणजे वर्षाला साधारण 12 दिवस. सुटीत कामाला बोलावलं तर त्यात थोडी भर. 300 दिवस साठायला पंचवीस वर्षं लागतील, तीही एकही दिवस न वापरता. शिवाय एका वेळी 60 दिवसांहून जास्त घ्यायची तर उच्च शिक्षण, आजारपण असं कारण दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट तुम्ही माझ्याहून चांगली जाणता. अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी रोखीत मिळते. सहयोगी प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार 1,31,400 रुपये. 180 दिवस खर्च केले तर महागाई भत्ता सोडूनही 7,88,400 रुपये निवृत्तीच्या रकमेतून गेले. संस्थेच्या उपयोगाचं संशोधन करायला माणसाने आपली म्हातारपणाची पुंजी मोडावी, हे मला अजिबात रास्त वाटत नाही.

जुनं टेबल
रोखीकरणाचा मुद्दा मान्य. सुटीवाल्या खात्याचा वेग वेगळा हेही खरं. पण असाधारण रजा तर आहे ना? सेवा तुटत नाही.

दप्तरखाना
सेवा तुटत नाही, पण पगार शून्य. आणि वार्षिक वेतनवाढीला तो काळ एरवी धरत नाहीत. वैद्यकीय दाखला, उच्च शिक्षण, फेलोशिप किंवा अध्यापनाचं निमंत्रण असे काही अपवाद आहेत. सबॅटिकलमध्ये वेतनवाढ तिच्या तारखेला मिळते आणि काळ पेन्शनला धरला जातो. एक अट मात्र आहे: मुदत संपल्यावर परत रुजू व्हायला हवं. लिस्बनहून परस्पर राजीनामा पाठवला तर ते वर्ष पेन्शनच्या हिशेबातून गेलं.

वेर्णा शिफ्ट
माझ्या कंपनीतही "सबॅटिकल" आहे. सहा महिने, पगार नाही. एचआर म्हणतं, ही सोय आहे, रजा नाही. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. मी घ्यावी का?

कारकुनी नजर
@वेर्णा शिफ्ट, खासगी कंपनीतली सबॅटिकल ही कंपनीच्या धोरणावर चालते, तिला यूजीसीचे नियम लागू नाहीत. नाव मोठं असलं तरी तुमची बहुतेक मंजूर बिनपगारी रजाच आहे. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण जाण्याआधी तीन गोष्टी पत्रावर घ्या. परत आल्यावर तेच पद की "उपलब्ध असेल ते". गटविमा त्या काळात चालू राहणार का आणि हप्ता कोण भरणार. आणि हजेरीत तुमची नोंद "मंजूर रजा" अशीच होणार ना. पगार नाही म्हणजे पीएफची वर्गणी नाही, आणि ते दिवस पीएफच्या विवरणात बिनवर्गणीचे म्हणून दाखवले जातात. हजेरीत रजेऐवजी गैरहजेरी पडली तर पुढे निस्तरणं जड जातं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

फोंड्याचा पालक
माझ्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. शिक्षिकेचं नुकसान होऊ नये हे पटलं. पण वर्गात कोण उभं राहणार? लेक्चर बेसिसवर एखादी मुलगी ऑगस्टच्या शेवटी येते, तोवर अर्धा अभ्यासक्रम उरकलेला असायला हवा असतो.

दप्तरखाना
हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि चुकतं ते बहुतेक इथेच.

सहयोगी प्राध्यापकाचा प्रत्यक्ष शिकवण्याचा भार आठवड्याला 14 तास, वर्षाचे कामाचे आठवडे 30. म्हणजे 420 तास कोणीतरी घ्यायचे आहेत. उरलेल्या एका कायम शिक्षकावर ते टाकता येत नाहीत, कारण तोच सहायक प्राध्यापक असेल तर त्याचे स्वतःचे 16 तास आहेत. लेक्चर बेसिसवरचा माणूस लागणारच.

तो उशिरा येतो याचं कारण रजा नव्हे, फाइल. अनुदानित कॉलेजात पगार सरकारी अनुदानातून येतो, म्हणून कागद पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयाकडे जातात. रजेचा अर्ज एप्रिलमध्ये केला आणि बदली शिक्षकाचा प्रस्ताव रजा मंजूर झाल्यावर वेगळा पाठवला, तर जुलै-ऑगस्ट उजाडणारच. योग्य क्रम उलटा आहे. जूनमध्ये जायचं तर आदल्या दिवाळीच्या आसपास व्यवस्थापनाकडे अर्ज, त्याच फाइलीत 420 तासांची विषयवार फोड आणि बदली शिक्षकाची मागणी. दोन्ही एकत्र मंजूर होतील तरच रजा सुरू, असं प्राचार्यांनी लिहून ठेवावं. आणि रजा सत्राच्या मध्यावर कधीच सुरू करू देऊ नये. या अटी न पाळणाऱ्या कॉलेजात तुमचा विरोध मी स्वतः उचलून धरेन.

कार्यक्रमही महिनावार हवा. "पुस्तक लिहिणे" असं एका ओळीत लिहिलेला अर्ज परत यायलाच हवा. पहिले चार महिने पणजीत कोणत्या वह्या, पुढचे पाच लिस्बनला कोणता पत्रव्यवहार, शेवटचे तीन लेखन, असं असेल तर परतल्यावर अहवाल त्याच्याशी ताडून पाहता येतो.

डिचोलीची सहायक
माझी आठ वर्षं पूर्ण झाली आहेत, सहायक प्राध्यापक आहे. म्हणजे सात वर्षांची अट ओलांडली. पीएचडीसाठी मी सबॅटिकलच मागते.

दप्तरखाना
@डिचोलीची सहायक, सात वर्षं नोकरीची नव्हेत, सहयोगी किंवा त्यावरच्या पदाची मोजतात. तुमच्यासाठी अध्ययन रजा आहे. ती तीन वर्षांच्या सेवेनंतर मागता येते, बंधपत्र द्यावं लागतं आणि परतल्यावर किमान तीन वर्षं तिथेच काम करावं लागतं. मात्र ती घेतलीत तर परतल्यापासून पाच वर्षं सबॅटिकल मिळणार नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

कारकुनी नजर
सबॅटिकलवर लिस्बनला जाऊन तिथली फेलोशिप घ्यायची असेल तर एक धोक्याची सूचना. फेलोशिप, शिष्यवृत्ती, मानधनावरचं तात्पुरतं अध्यापन चालतं. नियमित नेमणूक चालत नाही. परदेशी विद्यापीठं सगळ्यांना एकाच साच्यातलं पत्र देतात आणि त्यात "नेमणूक" आणि "पगार" हे शब्द असतात. तेच पत्र फाइलीला लागलं की लेखापरीक्षणात हरकत येते. पत्रात फेलोशिप आणि मानधन असं स्पष्ट लिहून मागवा. आणि मानधन मिळतंय म्हणून इथला पगार कमी करून रजा देण्याचा अधिकार कार्यकारी परिषदेला आहे, हे जाण्याआधी विचारून घ्या.

जुनं टेबल
आणि वाहतूक भत्ता? पूर्ण महिना कामावर नसेल तर तो देत नाहीत, असे केंद्राचे आदेश आहेत. "पूर्ण पगार व भत्ते" म्हणून तो चालू ठेवला की वसुली निघू शकते.

दप्तरखाना
माझ्या मते तो बंदच व्हायला हवा, कारण नियमातच "विहित अटींच्या अधीन" असं म्हटलं आहे. दुसरी बाजू अशी मांडतात की जाण्यापूर्वीच्या दराने सगळे भत्ते द्यायचे आहेत. मी असतो तर मंजुरीच्या आदेशातच भत्त्यांची नावं लिहून घेतली असती.

बढतीच्या बाबतीतही अशीच एक फट आहे. मूल्यमापनात पूर्वपरवानगीच्या रजेचा काळ वगळून उरलेल्या काळावरून गुण काढायचे, असं नियमावली सांगते. तिथे मातृत्व, अध्ययन, असाधारण अशा रजांची नावं आहेत, पण सबॅटिकलचं नाव नाही. "यांसारख्या" या शब्दात ती बसते, असं माझं मत.

फोंड्याचा पालक
अर्ज दिवाळीत आणि बदली शिक्षक जूनच्या पहिल्या दिवशी वर्गात, असं असेल तर माझा विरोध राहत नाही. पण आमच्या कॉलेजात अजून बदलीची जाहिरातही निघालेली नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत प्राचार्यांना आधी तेच विचारतो. तोवर "बंद करा" हे मत मी मागे घेत नाही.

जुनं टेबल
जाहिरात नव्हे, प्रस्ताव पर्वरीला कोणत्या तारखेला पोचला ते विचारा. आवक क्रमांक मागा.