मदत हवी आहे: फोन रीस्टार्ट झाला की गेमपॅडचं मॅपिंग बंद पडतं

फोन अँड्रॉइड १३, रूट केलेला नाही आणि करणारही नाही, कारण बँकेची ॲप्स त्यावरच आहेत. ब्लूटूथ गेमपॅड नीट जोडला जातो. टेस्टर ॲपमध्ये सगळी बटणं आणि दोन्ही स्टिक दिसतात, होम स्क्रीनवरही डी-पॅडने फिरता येतं. म्हणजे जोडणीत घोळ नाही.

कार रेसिंगचा माझा गेम मात्र फक्त टचवर चालतो (ऑफलाइन आहे, त्यामुळे बॅनची भीती नाही). म्हणून बटण दाबलं की ठरलेल्या जागी टच देणारं मॅपर ॲप घेतलं. मित्राच्या लॅपटॉपवरून यूएसबीने एडीबी लावून ते चालू केलं आणि स्टिअरिंग, ब्रेक, नायट्रो सगळं झकास चाललं. फोन रीस्टार्ट केला आणि गेमपॅड गेममध्ये परत मुका! एडीबीने चालू केलेली मॅपरची सेवा रीस्टार्टनंतर टिकत नाही, हे आता कळलं.

वायरलेस डीबगिंगने फोनवरूनच चालू करता येतं, पण त्याला वायफाय लागतं आणि घरी फक्त मोबाइल डेटा आहे. स्वतःचाच हॉटस्पॉट लावून पाहिला, पण वायरलेस डीबगिंगचा पर्याय चालूच होत नाही. लॅपटॉप रोज मिळणार नाही. घरात आईचा अँड्रॉइड फोन आणि एक ओटीजी केबल आहे.

आईच्या फोनचा हॉटस्पॉट नेट बंद ठेवून वापरला तर चालेल का, की ओटीजीने तिच्या फोनवरूनच एडीबी कमांड देणं सोपं पडेल?