मदत हवी आहे: तिचे बाबा गेलेत, मेसेज काय करू?

अर्धाकप:
मंडळी, जरा गोंधळात आहे. ऑफिसात माझ्या टीममधली एक मुलगी मला दीड वर्षापासून आवडते, तिला माहीत नाहीये, निदान मला तरी तसं वाटतं. सोमवारी तिचे बाबा अटॅकने अचानक गेले, ती कराडला घरी आहे. ग्रुपवर सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली आणि जोडलेले हात टाकले, मी पण टाकले आणि मग स्वतःचाच राग आला. आज पाचवा दिवस, वेगळा मेसेज करायचाय पण हा संधी साधतोय असं तिला चुकूनही वाटायला नको. रात्री दोनला हे लिहिलंय, पाठवलं नाहीये:

"तुझं दुःख मी समजू शकतो. तू खूप स्ट्राँग आहेस. स्वतःला एकटी समजू नकोस, मी कायम तुझ्यासोबत आहे. रात्री कितीही वाजता फोन कर. काहीही लागलं तर सांग."

देशावरचा:
तेरावा होईपर्यंत काहीच पाठवू नकोस. सुतक असतं, घरात पाहुणे असतात, कोण बघतंय फोन.

गुलछडी२२:
अरे हीच वेळ आहे मन मोकळं करायची!! अशा वेळी जो आधार देतो तोच लक्षात राहतो.

माईआजी:
गुलछडी, प्रश्न पुन्हा वाच बाळा.

अर्धाकप, मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात पेशंटच्या घरच्यांसोबत बसते, त्यामुळे बोलते. तुझ्या मेसेजमध्ये तिचे बाबा कुठेच नाहीत, एक ओळसुद्धा नाही. सगळा 'मी' आहे. तुझे वडील आहेत ना? मग 'समजू शकतो' काढ. 'स्ट्राँग' म्हटलं की माणसाला रडायची चोरी होते. 'कायम सोबत' हे तर वचन झालं, आणि तिला तुझ्या मनातलं थोडं जरी कळलं असेल तरी आता त्याचं काय करायचं हा एक नवा घोर तिच्या डोक्याला. 'काहीही लागलं तर सांग' म्हणजे काय लागतंय ते तिनेच शोधायचं, वर मागायचं पण तिनेच. त्यापेक्षा तुझ्या हातात असलेलं एखादं काम करून मोकळा हो. आणि सुतकात भेटायला येतातच की लोक, चार ओळींना कसलं सुतक.

तिच्या बाबांबद्दल काही माहिती आहे का तुला?

अर्धाकप:
भेटलो नाही कधी. ती डब्यात शेंगदाण्याची चटणी आणते, बाबा स्वतः कुटतात, मिक्सरला हात लावू देत नाहीत म्हणाली होती.

माईआजी:
मग झालं की. हेच लिही.

रिकामाडबा:
माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा शंभरेक मेसेज आले असतील, सगळे सारखे, आणि प्रत्येकाला थँक्यू म्हणायचं या विचारानेच दमायला व्हायचं. एका मित्राने लिहिलं होतं 'उत्तर देऊ नकोस', तो तेवढा आठवतो. पण बाबा, असं लिहिलंस तर खरंच वाट बघू नकोस, ब्लू टिक आणि लास्ट सीन तपासत बसलास तर मग ते खोटंच. आणि देशावरच्याचं अर्धं बरोबर आहे, तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि घर खायला उठतं, तेव्हा कोणाचाच मेसेज नसतो. तेव्हा एक कर. आणि रात्रीचा नको, सकाळी दहा-अकराला पाठव.

अर्धाकप:
हे बघा आता:

"बाबांचं कळलं, फार वाईट वाटलं. तुझ्या डब्यातली त्यांनी कुटलेली चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्लीये, तीच आठवत होती. महिनाअखेरचा रिपोर्ट मी करून देतोय, मॅनेजरशी बोललोय, तू लॅपटॉप उघडू नकोस. याला उत्तर नको देऊस."

माईआजी:
छान. बदाम वगैरे काही चिकटवू नकोस खाली. आणि रिपोर्ट केल्याचं नंतर कधी काढायचं नाही.

देशावरचा:
मॅनेजरशी खरंच बोललास का?

अर्धाकप:
बोलतो आत्ता. मग पाठवतो.

अर्धाकप:
पाठवला. अजून एक, रविवारी टीममधले पाच जण गाडी करून कराडला भेटायला जातायत. मी जाऊ का?

रिकामाडबा:
मी नसतो गेलो. तुझा चेहरा बोलेल.

माईआजी:
पाच जण जातायत आणि हाच नाही, ते जास्त दिसेल. जा, पण तिच्या आईजवळ बस, त्या बाबांबद्दल बोलतील ते ऐक, मध्ये बोलू नकोस. निघताना 'येतो' म्हणू नकोस, गुपचूप उठायचं.

रिकामाडबा:
तरी मला पटत नाहीये. तू बघ बाबा.